निफ्टी ऑप्शनचा झटका-तक्ता: गॅप आणि आयव्हीची उडी एकत्र तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घरून किंवा छोट्या प्रॉप डेस्कवरून निफ्टीचे ऑप्शन विकणाऱ्यांसाठी ही पानं आहेत. सगळी उत्तरं एकाच पोझिशनवर बेतली आहेत, कारण दहा पोझिशन वरवर पाहण्यापेक्षा एक नीट उलगडलेली बरी.

झटका-तक्ता म्हणजे नेमकं काय?

उभ्या बाजूला इंडेक्स किती टक्के उडाला ते लिहायचं आणि आडव्या बाजूला आयव्ही किती पॉइंट वाढली ते. प्रत्येक घरात त्या दोन्ही गोष्टी एका क्षणात घडल्या असं धरून सगळ्या ऑप्शनची किंमत पुन्हा काढायची आणि तिच्यातून आजची किंमत वजा करायची. घरात फक्त नफा-तोट्याचा रुपयातला आकडा येतो. बाजार तिथे पोहोचण्याची शक्यता किती, हे तक्ता सांगत नाही. तिथे पोहोचलाच तर तुमचं काय होईल, एवढंच सांगतो.

उदाहरणाची पोझिशन कोणती?

पुट रेशो. दादरपासून बोरिवलीपर्यंत ‘फुकटातला हेज’ म्हणून हा सौदा सर्रास टाकला जातो. निफ्टी फ्युचर २५,०००, एक्सपायरीला १० दिवस, लॉट ६५ चा.

२४,५०० पुटचे १० लॉट विकत घेतले, आयव्ही १४ टक्के, भाव सुमारे ६०.६. २४,१०० पुटचे ३० लॉट विकले, आयव्ही १५.२ टक्के, भाव सुमारे १९.९. दिले ३९,४०० रुपये, आले ३८,९०० रुपये, म्हणजे खर्च पाचशेच्या आसपास. एक्सपायरीला निफ्टी बरोबर २४,१०० वर बसला तर २ लाख ६० हजारांचा नफा. २३,९०० च्या खाली तोटा सुरू होतो. २५,००० वरून २३,९०० म्हणजे ४.४ टक्के. ‘एवढं दहा दिवसांत कुठे पडतं?’ हा युक्तिवाद इथूनच सुरू होतो.

ब्रोकरच्या स्क्रीनवर ग्रीक्स पाहिले तर सगळं शांत दिसतं. निव्वळ डेल्टा साधारण १५ युनिट, म्हणजे पाव लॉटही नाही. निव्वळ व्हेगा आयव्हीच्या एका पॉइंटमागे उणे ३,७०० रुपयांच्या आत. गॅमा ऋण आहे, पण उणे ०.१२ कडे पाहून कोणाची झोप उडत नाही.

मग तक्ता काय दाखवतो?

आकडे लाख रुपयांत आहेत. आयव्हीची वाढ दोन्ही स्ट्राइकला सारखीच धरली आहे आणि दिवस दहाच ठेवले आहेत.

| निफ्टी | आयव्ही तीच | आयव्ही +६ | आयव्ही +१२ |
|---|---|---|---|
| +३% | ०.० | ०.० | −०.३ |
| ०% | ०.० | −०.४ | −१.१ |
| −३% | −१.० | −२.२ | −३.५ |
| −५% | −३.८ | −५.१ | −६.४ |
| −८% | −११.८ | −१२.३ | −१३.१ |

आता हीच −५% आणि +६ ची जागा ग्रीक्सवरून काढून पाहा. डेल्टाचे १९ हजार, गॅमाचे ९१ हजार, व्हेगाचे २२ हजार, मिळून तोटा १ लाख ३३ हजार. खरा आकडा ५ लाख १५ हजार, जवळजवळ चौपट. ग्रीक्स खोटे नव्हते, पण ते २५,००० वर मोजलेले होते. १,२५० पॉइंट खाली विकलेले तीस लॉट इन-द-मनी गेलेले असतात आणि त्यांचा डेल्टा पूर्वीच्या सात टक्क्यांवरून साठच्या पलीकडे पोहोचलेला असतो. म्हणून घर भरताना ग्रीक्सची बेरीज करायची नाही, प्रत्येक वेळी किंमत नव्याने काढायची.

तक्त्याचा आकारही बघण्यासारखा आहे. −८ टक्क्यांच्या ओळीत आयव्ही बारा पॉइंटांनी वाढली तरी तोट्यात सव्वा लाखाचीच भर पडते, कारण दोन्ही पुट खोल इन-द-मनी आहेत आणि तिथे वेळमूल्य फारसं उरत नाही. −३ टक्क्यांच्या ओळीत मात्र तेवढ्याच वाढीने तोटा १ लाखाचा साडेतीन लाख होतो. आयव्हीचा खरा दणका किरकोळ पडझडीत बसतो, मोठ्या कोसळण्यात नाही. फक्त सर्वात वाईट कोपरा पाहणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

पेऑफच्या आलेखात −३% ला नफा दिसतो. तक्ता चुकला का?

नाही. आलेख एक्सपायरीचा आहे, तक्ता उद्या सकाळचा. २४,२५० वर एक्सपायरी झाली तर २४,५०० पुटचे २५० पॉइंट मिळतात आणि २४,१०० शून्यावर जातो, म्हणजे १ लाख ६२ हजारांचा नफा. पण उद्या सकाळीच बाजार २४,२५० वर उघडला आणि एक्सपायरी अजून दहा दिवस दूर असली, तर विकलेल्या प्रत्येक पुटमध्ये १७५ रुपये उभे असतात. आयव्ही सहा पॉइंटांनी वाढली तर २६९. असे १,९५० युनिट आहेत.

घर तेच, पण आज लाल आणि एक्सपायरीला हिरवं. म्हणून निदान दोन तक्ते काढा, एक आजच्या दिवसांचा आणि एक एक्सपायरीच्या आदल्या संध्याकाळचा. दुसऱ्यात −३ ची ओळ सुधारते. −८ ची जवळपास तशीच राहते.

किती टक्क्यांच्या गॅप घ्यायच्या? −८ जास्त नाही का?

७ एप्रिल २०२५ चा सोमवार घ्या. शुक्रवारी निफ्टी २२,९०४ वर बंद झाला आणि सोमवारी २१,७५८ वर उघडला, बरोबर ५ टक्के खाली. इंडिया व्हीआयएक्स शुक्रवारच्या १३.८ च्या आसपासवरून सोमवारअखेर २२.८ वर गेला. म्हणजे आपल्या तक्त्यातली −५ ची ओळ आणि उजवीकडचे रकाने कल्पनेतले नाहीत, अलीकडच्या एका सकाळचे आहेत. त्या आठवड्यात १० एप्रिलला महावीर जयंतीची सुट्टी होती, त्यामुळे साप्ताहिक एक्सपायरी बुधवारी ९ तारखेला आली. सावरायला कागदावर वाटत होता त्याहून एक दिवस कमी होता.

४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी ५.९ टक्के खाली बंद झाला. २३ मार्च २०२० ला १३ टक्के पडला. त्या दिवशी १० टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि पुन्हा सुरू झाल्यावर बाजार आणखी घसरला. इंडेक्सचं सर्किट १०, १५ आणि २० टक्क्यांवर असतं. ते व्यवहार थांबवतं, तोटा थांबवत नाही. म्हणून −३, −५, −८ च्या खाली −१३ ची एक ओळ असावी. आपल्या पोझिशनमध्ये तिथे तोटा २८ लाखांच्या आसपास जातो, कारण २४,१०० च्या खाली तुम्ही निव्वळ १,३०० युनिट विकून बसलेले असता आणि दर १०० पॉइंटला १ लाख ३० हजार जातात.

वरची बाजूही सोडू नका. १८ मे २००९ ला निवडणूक निकालानंतर निफ्टी वरच्या सर्किटला लागला आणि एका दिवसात १७ टक्क्यांहून जास्त चढला. या पोझिशनला वर फारसा धोका नाही, पण कॉल विकणाऱ्याच्या तक्त्यात +५ आणि +८ हव्यातच.

आयव्हीची उडी किती धरायची? व्हीआयएक्स ९ पॉइंट वाढला तर मी ९ च घेऊ?

नाही, इथे बऱ्याच जणांचा तक्ता नरम पडतो. व्हीआयएक्स ३० दिवसांच्या आयव्हीचं माप आहे. घबराट जवळच्या एक्सपायरीत जास्त भरते. ढोबळ अंदाजासाठी व्हीआयएक्सची वाढ √(३०/उरलेले दिवस) ने गुणा. १० दिवसांसाठी गुणक १.७ येतो, म्हणजे ९ ची वाढ १५ च्या पुढे जाते. आपला +१२ चा रकाना टोकाचा वाटतो, पण त्या सोमवारच्या मापाने तो मवाळच ठरतो.

हा गुणक दोन-तीन दिवसांच्या ऑप्शनला लावू नका, आकडे अवास्तव फुगतात. तीन किंवा त्याहून कमी दिवस उरले असतील तर १० दिवसांचाच गुणक ठेवा. तिथे तोटा मुख्यतः किमतीच्या उडीतून येतो आणि आयव्हीचा वाटा तसाही आक्रसतो.

महिन्याचा आणि आठवड्याचा ऑप्शन एकत्र असलेल्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक एक्सपायरीला स्वतःची उडी द्या. दोघांना एकच आकडा दिला तर जवळचं विकून लांबचं घेणाऱ्याचा तक्ता हिरवागार दिसेल, आणि नेमका तोच फसवा असेल.

प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही सारखीच वाढते का?

सहसा नाही. पडझडीत खालच्या पुटांना गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे त्यांची आयव्ही वरच्यांपेक्षा जास्त चढते. आपण खालचं विकलंय आणि वरचं घेतलंय, म्हणजे स्क्यू ताणला गेला की नुकसान आपलंच. −३% आणि +६ च्या घरात २४,१०० ची आयव्ही २४,५०० पेक्षा दोनच पॉइंट जास्त वाढवा. तोटा २ लाख २४ हजारांवरून साधारण २ लाख ८५ हजारांवर जातो. सरसकट वाढीचा तक्ता आधी काढा आणि मग खालच्या स्ट्राइकला दोन-तीन पॉइंट जादा देऊन तिरक्या वाढीचा दुसरा. दोन्हींत फार फरक पडला तर पोझिशन स्क्यूवर उभी आहे असं समजा. रेशोमध्ये ती असतेच.

हे एक्सेलमध्ये करू की कोडमध्ये?

दोन-चार ऑप्शन असतील तर एक्सेल पुरेसं आहे. त्यापुढे खालच्यासारखा छोटा कोड सोपा पडतो. किंमत फ्युचरवरून काढली आहे, व्याज सोडून दिलं आहे. दहा दिवसांच्या ऑप्शनमध्ये त्याने फरक पडत नाही.

```python
from math import log, sqrt
from scipy.stats import norm

def put(F, K, s, T):
    d1 = (log(F/K) + s*s*T/2) / (s*sqrt(T))
    d2 = d1 - s*sqrt(T)
    return K*norm.cdf(-d2) - F*norm.cdf(-d1)

pos = [(24500, 0.140, 650), (24100, 0.152, -1950)]

def val(move, dv, T=10/365):
    F = 25000*(1 + move)
    return sum(q*put(F, K, s+dv, T) for K, s, q in pos)

base = val(0, 0)
for m in (0.03, 0, -0.03, -0.05, -0.08):
    print(m, [round(val(m, dv)-base) for dv in (0, 0.06, 0.12)])
```

पहिली तपासणी ही: ०% आणि +० च्या घरात शून्यच आलं पाहिजे. दुसरी: `val(0, 0)` हा आकडा स्क्रीनवरच्या प्रीमियमच्या हिशेबाशी जुळला पाहिजे. इथे तो ५०० रुपयांच्या आसपास येतो. हजारोंनी चुकला तर आयव्ही, दिवस किंवा लॉट यांपैकी काहीतरी चुकलंय.

आयव्ही कुठून घ्यायची?

बोली आणि विक्रीभावाच्या मधल्या किमतीवरून स्वतः काढा. शेवटच्या सौद्याच्या भावावरून काढलेली आयव्ही घातक असते, कारण लांबच्या स्ट्राइकला तो सौदा तासाभरापूर्वीचा असू शकतो आणि दरम्यान निफ्टी ८० पॉइंट हलून गेलेला असतो. शेजारच्या दोन स्ट्राइकच्या आयव्हीत अचानक तीन-चार पॉइंटांची खाच दिसली तर तो बाजार नाही, शिळा भाव आहे. खोल इन-द-मनी पुटची आयव्ही काढूच नका, त्याच स्ट्राइकच्या कॉलची घ्या.

स्टॉपलॉस लावलेला असताना एवढी उठाठेव कशाला?

कारण गॅपमध्ये मधले भाव येतच नाहीत. ऑप्शनचे सौदे सव्वानऊला सुरू होतात. आदल्या दिवशी १९.९ ला विकलेल्या पुटवर ४० चा ट्रिगर असेल आणि पहिलाच भाव ५०० च्या पुढचा असेल, तर ट्रिगर लागतो पण लिमिट मागे राहते आणि ऑर्डर तशीच लटकते. मार्केट भावाची स्टॉपलॉस ऑर्डर ऑप्शनमध्ये २०२१ पासून बंद आहे. शिवाय पहिल्या काही मिनिटांत बोली आणि विक्रीभावात मोठी दरी असते. प्रत्येक युनिटमागे १० रुपये सुटले तर १,९५० युनिटांवर साडेएकोणीस हजार गेले. −५ आणि त्याखालच्या ओळींत हा खर्च वेगळा वजा करा.

सुट्ट्यांचंही भान ठेवा. गणेश चतुर्थीला आपला बाजार बंद असतो, न्यूयॉर्क चालूच असतं. सुट्टीला लागून शनिवार-रविवार आला तर दोन गॅप मिळून एक होते. सकाळी साडेसहाला गिफ्ट निफ्टी उघडतो तेव्हा कितीचा फटका बसणार ते कळतं, पण तुमचे ऑप्शन तेव्हा हलवता येत नाहीत. तोवर तक्त्यातली ओळ शोधून पैशांची सोय बघायची, एवढंच हातात असतं.

एक्सचेंजचं स्पॅन मार्जिन हेच काम करतं ना?

पद्धत तीच, हेतू वेगळा. स्पॅन १६ प्रसंग तपासतं: किंमत जागच्या जागी, ठरावीक पल्ल्याच्या एक-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि पूर्ण अंतरावर वर-खाली, प्रत्येकी आयव्ही वाढलेली आणि घटलेली, आणि शेवटी दोन टोकाच्या उड्या. त्या टोकाच्या तोट्याचा एक भागच धरला जातो. हा हिशेब क्लिअरिंग सुरक्षित राहावं म्हणून आहे, तुमचं भांडवल राहावं म्हणून नाही. त्यात झटक्यानंतर मार्जिन स्वतःच वाढतं, हे वेगळंच. ज्या सकाळी पाच लाखांचा तोटा दिसतो त्याच सकाळी ब्रोकर वाढीव मार्जिनही मागतो. म्हणून प्रत्येक ओळीशेजारी ‘तोटा वजा जाता खात्यात उरलेले पैसे’ असा रकाना करा. तो मागणीला पुरला नाही तर ब्रोकर पोझिशन कापतो, आणि तीही सगळ्यात महाग क्षणी.

आकडा फार मोठा निघाला. आता काय करू?

आधी मर्यादा ठरवा. समजा खात्यात ४० लाख आहेत आणि तुम्ही ठरवलंत की −५% व +१२ च्या घरात १० टक्क्यांहून आणि −८% व +१२ च्या घरात २० टक्क्यांहून जास्त जायला नको. म्हणजे ४ लाख आणि ८ लाख. आपले आकडे ६.४ आणि १३.१. हे टक्के ज्याचे त्याने ठरवावेत, पण सौदा टाकण्यापूर्वी. नंतर ठरवलेली मर्यादा नेहमी आहे त्या तोट्यापेक्षा थोडी मोठीच निघते.

पहिला मार्ग लॉट घटवण्याचा. १० आणि ३० ऐवजी ६ आणि १८ केले की आकडे ३.९ आणि ७.९ होतात, दोन्ही मर्यादेत.

दुसरा मार्ग पंख जोडण्याचा, म्हणजे २३,५०० पुटचे २० लॉट विकत घ्यायचे. १७ टक्के आयव्हीने भाव ३.३ येतो, पण अशा लांबच्या पुटला स्क्रीनवर बरेचदा जास्त मोजावे लागतात. ८ रुपये धरले तरी १,३०० युनिटांचे १०,४०० होतात. बदल्यात −८% व +१२ च्या घरातला तोटा १३.१ वरून साडेतीन लाखांच्या आसपास येतो, आणि −५% व +६ चा ५.१ वरून दोन लाखांवर. −१३ ची ओळ, जिथे २८ लाख जात होते, तिथेही तळ मिळतो: २३,५०० च्या खाली निफ्टी कितीही गेला तरी एक्सपायरीचा तोटा ५ लाख २० हजार आणि पंखांचा खर्च, त्यापुढे नाही.

गंमत अशी की साडेतीन लाख हा त्या सकाळचा आकडा आहे. निफ्टी तिथेच पडून राहिला तर पंखांचं वेळमूल्य झिजतं आणि तोटा सव्वापाच लाखांकडे सरकतो. म्हणजे पंख लावलेल्या पोझिशनमध्ये गॅपच्या दिवशी हातावर हात ठेवून बसणं महाग पडतं, आणि उघड्या रेशोमध्ये बरोबर उलटं घडू शकतं.

तक्ता किती वेळा काढायचा?

रोज साडेतीननंतर एकदा, आणि दिवसात निफ्टी दीड टक्क्याहून जास्त हलला तर पुन्हा. त्याच वेळी लॉटचा आकार तपासा. निफ्टीचा लॉट ७५ वरून ६५ झाला, तरी कित्येक जुन्या शीटमध्ये ७५ तसाच आहे. एक्सपायरीची तारीखही पाहा. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारऐवजी मंगळवारी आहे, आणि गुरुवार गृहीत धरलेल्या शीटमध्ये उरलेले दिवस चुकतात. दहा दिवसांच्या ऑप्शनमध्ये दोन दिवसांची चूक म्हणजे प्रत्येक घर चुकीचं.

शेअरच्या ऑप्शनला हेच आकडे चालतील?

नाही. निकालाच्या दिवशी एखादा शेअर एका फटक्यात १५ ते २० टक्के उडू शकतो, तेव्हा ओळी ±१०, ±१५, ±२० अशा घ्या. निकालानंतर आयव्ही बहुधा कोसळते, म्हणून एक रकाना घटीचाही हवा. शिवाय शेअरचे ऑप्शन डिलिव्हरीने निकाली निघतात, तेव्हा एक्सपायरीच्या तक्त्यात तोट्याशेजारी शेअर उचलायला लागणारी पूर्ण रक्कम लिहा. अनेक शेअर असतील तर प्रत्येकाचा तक्ता वेगळा काढा आणि खालच्या ओळींची सरळ बेरीज करा. एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याने फेडू नका, कारण वाईट सकाळी सगळे एकाच दिशेला जातात.